दुसऱ्या पंपाने पाणी दुप्पट का होत नाही

सेंट्रिफ्यूगल पंप दर सेकंदाला किती पाणी देईल, हे एकटा पंप ठरवत नाही. पंप आणि त्याच्या पुढची पाइपलाइन या दोघांनी मिळून ते ठरते. तोच पंप लांब, अरुंद पाइपावर जेमतेम पाणी देतो आणि आखूड, रुंद पाइपावर धो धो ओततो. एका पाइपलाइनवर दुसरा पंप जोडला म्हणजे पाणी दुप्पट होईल, ही अपेक्षा चुकते ती पाइपाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. हिशेबात पाइप धरला की दुसऱ्या पंपाचे पाणी कुठे जाते, हे आकड्यांतच दिसते.

आधी पंपाचा स्वभाव पाहू. पंपाचे इम्पेलर पाण्याला वेग देते आणि त्या वेगाचा दाब होतो. हा दाब मीटरमध्ये मोजतात आणि त्याला हेड म्हणतात. १० मीटर हेड म्हणजे दाबाच्या गेजवर साधारण १ किलो. डिलिव्हरीचा व्हॉल्व पूर्ण बंद करून पंप चालवला तर पाणी पुढे जात नाही आणि दाब सर्वांत जास्त असतो. हे पंपाचे बंद व्हॉल्वचे हेड. व्हॉल्व उघडत गेले की पाणी वाढते आणि हेड उतरते. पाणी आणि हेड दोन्ही एकाच वेळी वाढवून देणे पंपाला जमत नाही.

या लेखात एकच पंप उदाहरणासाठी धरला आहे. तो १० एचपीचा आहे, नदीकाठच्या शेतावर सर्रास दिसतो तसा. व्हॉल्व बंद असताना त्याचे हेड ४८ मीटर आहे. सेकंदाला ५ लिटर पाणी घेतले तर ते ४५.५ मीटर होते, १० लिटरला ३८ मीटर आणि १५ लिटरला २५.५ मीटर. म्हणजे सुरुवातीला पाणी वाढवले तरी हेड फारसे उतरत नाही, पण पुढे ते झपाट्याने घसरते. पंपासोबत येणाऱ्या आलेखावर ही रेषा उजवीकडे वाकत खाली जाताना दिसते.

आता पाइपाची मागणी. पाण्याला नदीच्या पातळीपासून शेतातल्या तोंडापर्यंत चढवायचे आहे, ती उंची २० मीटर धरू. सेकंदाला एक लिटर जावो की वीस, हे २० मीटर द्यावेच लागतात. त्यात पाण्याचे पाइपाशी होणारे घर्षण मिळवायचे, आणि खरी गोम या घर्षणात आहे. प्रवाह दुप्पट झाला की घर्षण दुप्पट न होता जवळपास चौपट होते. गुळगुळीत पीव्हीसी पाइपात ते चौपटीपेक्षा थोडे कमी भरते, पण हिशेबाला चौपट धरले तरी चालते. उदाहरणातली पाइपलाइन ४ इंची पीव्हीसीची आणि सुमारे १,२०० मीटर लांब आहे. सेकंदाला १० लिटर पाणी जाताना बेंड आणि व्हॉल्व धरून तिच्यात १८ मीटर हेड खर्च होते. २० मीटर चढण आणि १८ मीटर घर्षण मिळून पाइपाची मागणी ३८ मीटर होते. पंपही १० लिटरला नेमके ३८ मीटरच देतो. म्हणून ही जोडी सेकंदाला १० लिटरवर स्थिरावते. पंपाची उतरती रेषा आणि पाइपाची चढती रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तोच त्या जोडीचा चालू बिंदू.

आता शेजारचा शेतकरी भागीदारीत येतो आणि तोच पंप पहिल्याच्या बाजूला बसवतो. दोघांचे सक्शन वेगळे, पण डिलिव्हरी वाय जोडाने त्याच ४ इंची पाइपात. ही समांतर जोडणी. अपेक्षा अशी की १० आणि १० मिळून २० लिटर पाणी येईल. पण पाइपाला २० लिटर न्यायचे तर घर्षण १८ च्या चौपट, म्हणजे ७२ मीटर होईल. चढणीचे २० मिळवले की मागणी ९२ मीटरची. इथे दोन्ही पंपांचे बंद व्हॉल्वचे हेडसुद्धा ४८ मीटरच आहे, आणि समांतर जोडल्याने हेडची बेरीज होत नाही. दोघे एकाच दाबाच्या पाइपात पाणी ढकलत असतात, त्यामुळे दोघांचे हेड सारखेच राहते. ९२ मीटर कुठून येणार? म्हणून २० लिटरचा प्रश्नच उरत नाही.

मग प्रत्यक्षात काय घडते? दुसरा पंप सुरू होताच पाइपात पाणी वाढू लागते. पाणी वाढले की घर्षण वाढते, घर्षण वाढले की पंपांच्या तोंडावरचा दाब चढतो, आणि दाब चढला की दोन्ही पंप आपापले पाणी कमी करतात. पहिला पंप, जो एकटा १० लिटर देत होता, तोही मागे सरकतो. ही ओढाताण जिथे थांबते तिथे पाइपात एकूण ११.७ लिटर पाणी असते आणि हेड ४४.६ मीटर. म्हणजे प्रत्येक पंपाच्या वाट्याला ५.८ लिटर येतात. दुसऱ्या पंपाने एकूण पाण्यात भर घातली ती १.७ लिटरची, १७ टक्क्यांची.

तिसरा पंप जोडला तर? एकूण १२.१ लिटर. मग चौथा, पाचवा, कितीही जोडा. सगळ्यांचे मिळून हेड ४८ मीटरपुढे जाऊ शकत नाही. त्यातले २० मीटर चढणीत गेले की घर्षणासाठी जास्तीत जास्त २८ मीटर उरतात. या पाइपात २८ मीटर घर्षण १२.५ लिटरला होते. म्हणून अशा पंपांची रांग लावली तरी या पाइपातून सेकंदाला साडेबारा लिटरपेक्षा जास्त पाणी निघणार नाही. ही मर्यादा पाइप आणि चढण मिळून घालतात. पंपांची संख्या तिला हलवू शकत नाही.

विजेचा हिशेब याहून बोलका आहे. पंप आपल्या नेहमीच्या बिंदूवर ६० टक्के कार्यक्षमतेने चालतो असे धरले, तर एकटा पंप शाफ्टवर सुमारे ६.२ किलोवॅट घेतो. दोन्ही चालू असताना प्रत्येकाचे पाणी जवळपास निम्म्यावर येते, पंप आपल्या चांगल्या पट्ट्यातून बाहेर पडतो आणि त्याची कार्यक्षमता घसरते. ती ४८ टक्के धरली तर प्रत्येकी ५.३ आणि दोघांचे मिळून १०.६ किलोवॅट लागतात. पाणी १७ टक्क्यांनी वाढले, वीज ७० टक्क्यांनी. शिवाय पंपातून फार कमी पाणी जात राहिले की इम्पेलरवर एका बाजूने ताण येतो आणि बेअरिंग व शाफ्टचे सील लवकर झिजते. पंप वारंवार दुरुस्तीला जातो आणि दोष मेकॅनिकच्या माथी येतो.

आता तोच दुसरा पंप एकसर जोडणीत बसवून पाहू. म्हणजे पहिल्याची डिलिव्हरी दुसऱ्याच्या सक्शनला आणि दुसऱ्याची डिलिव्हरी पाइपलाइनला. इथे दोघांतून तेवढेच पाणी जाते आणि हेडची मात्र बेरीज होते. याच ४ इंची पाइपावर ही जोडी १४.१ लिटरवर स्थिरावते. एकूण हेड ५६ मीटर होते. त्यातले ३६ मीटर घर्षणाचे आणि २० चढणीचे. समांतर जोडणीत ११.७ लिटर देणारे तेच दोन पंप एकसर जोडणीत १४.१ लिटर देतात.

हे अनेकांना विचित्र वाटते, कारण पाठ्यपुस्तकातला सोपा नियम असा की पाणी वाढवायचे तर समांतर आणि हेड वाढवायचे तर एकसर. हा नियम पंपाच्या आलेखापुरता खरा आहे, पण पाइपाबद्दल काहीच सांगत नाही. पाइपाला जर प्रत्येक जादा लिटरसाठी भरपूर हेड हवे असेल, तर पाणी वाढवण्याचा रस्ताही हेड वाढवण्यातूनच जातो. लांब, अरुंद पाइपलाइनला नेमके तेच हवे असते. उलट चढण बरीच, पण पाइप आखूड आणि रुंद असेल, तर घर्षण नावापुरते राहते आणि समांतर जोडणी चांगली फळ देते. समजा चढण ३७ मीटरची आहे आणि १० लिटरला घर्षण फक्त १ मीटर. हाच पंप तिथेही एकटा १० लिटर देईल, पण दोन पंप समांतर जोडल्यावर १७.७ लिटर. ती दुप्पट नाही, तरी पावणेदोनपट आहे. पंप तेच, जोडणी तीच. फरक केवळ पाइपाचा.

एकसर जोडणीची किंमत मात्र द्यावी लागते. पहिली किंमत विजेची. १४.१ लिटरला प्रत्येक पंप आपल्या चांगल्या बिंदूच्या उजवीकडे ढकलला जातो. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर दोघांना मिळून सुमारे १४ किलोवॅट लागतात. एकट्या पंपाच्या सव्वादोनपट वीज आणि पाणी मात्र ४१ टक्के जास्त. प्रत्येक मोटर जवळपास पूर्ण भाराला पोचते, आणि व्होल्टेज थोडे जरी उतरले तरी ओव्हरलोड रिले ट्रिप होते.

दुसरी किंमत दाबाची, आणि ती जास्त धोक्याची. दोन्ही पंप नदीवरच बसवले तर पाइपलाइनच्या सुरुवातीला चालू असताना साडेपाच किलोच्या आसपास दाब असतो. शेतातला व्हॉल्व कुणी अचानक बंद केला तर तो साडेनऊ किलोपर्यंत चढतो, कारण ४८ आणि ४८ मिळून ९६ मीटर होतात. शेतात सर्रास पुरलेला पाइप ४ केजीचा असतो. एका पंपाच्या साध्या दाबाला तो टिकत आला, म्हणून दोन पंपांना टिकेल असे नाही. पाइप फुटतो तो बहुधा नदीजवळच्या भागात, कारण दाब तिथे सर्वांत जास्त असतो. दुसऱ्या पंपाचे केसिंग आणि शाफ्टचे सील यांनाही पहिल्याचा दाब सहन करावा लागतो. हा दाब त्यांना झेपेल का, हे बनवणाऱ्याकडून आधी विचारून घ्यावे लागते.

म्हणून अनुभवी माणसे दुसरा पंप नदीवर न बसवता पाइपलाइनच्या वाटेत बसवतात. तो बूस्टर होतो. उदाहरणातल्या पाइपावर जमीन सारख्याच उताराने चढते असे धरले, तर बूस्टर नेमका मध्यावर बसवणे चुकीचे ठरेल. पहिला पंप १४.१ लिटरला २८ मीटर हेड देतो. मध्यापर्यंत १८ मीटर घर्षणात आणि १० चढणीत खर्च होऊन बूस्टरच्या तोंडाशी दाब शून्य उरतो. थोडे कमीजास्त झाले की बूस्टर पाइपात पोकळी ओढू लागतो, जोडांतून हवा शिरते आणि पातळ पाइप चपटा होण्याचीही भीती असते. तोच बूस्टर ४०० मीटरवर, म्हणजे एक तृतीयांश अंतरावर बसवला तर १२ मीटर घर्षण आणि ६.७ मीटर चढण वजा जाऊन त्याच्या तोंडाशी ९ मीटर दाब शिल्लक राहतो. त्याच्या पुढच्या पाइपात दाब ३७ मीटर होतो, म्हणजे चालू असताना पावणेचार किलोच्या आत. व्हॉल्व बंद झाला तर मात्र तिथेही सुमारे नऊ किलो दाब चढणार. त्यामुळे शेतातल्या व्हॉल्वबाबत शिस्त हवी किंवा वाटेत दाब सोडणारा व्हॉल्व हवा. सुरू करतानाही नदीवरचा पंप आधी आणि बूस्टर नंतर. बंद करताना उलटा क्रम. नदीवरची वीज गेली तर बूस्टर आपोआप बंद होईल अशी सोय नसेल, तर तो कोरडा चालून जळतो.

एकसर जोडणीचे एक रूप मात्र महाराष्ट्रात गावोगावी आहे आणि ते बिनतक्रार चालते. बोअरवेलमधल्या सबमर्सिबल पंपात एकाच शाफ्टवर अनेक इम्पेलर एकावर एक बसवलेले असतात. प्रत्येक इम्पेलर म्हणजे एक स्टेज आणि प्रत्येक स्टेज आधीच्या हेडमध्ये आपली भर घालते. बोअर जितके खोल, तितक्या स्टेज जास्त. हे इम्पेलर एकाच मापाचे असतात आणि एकाच मोटरवर फिरतात. एकाच वेळी सुरू होतात आणि बंदही एकाच वेळी होतात. म्हणून वर सांगितलेल्या क्रमाच्या भानगडी तिथे उद्भवत नाहीत. जास्त हेड हवे असेल तर दोन वेगळे पंप जोडत बसण्यापेक्षा जास्त स्टेजचा एक पंप घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते.

कृष्णेवरच्या टेंभू आणि म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांत पाणी टप्प्याटप्प्याने चढवतात. त्याला सहज एकसर जोडणी म्हटले जाते, पण तिथली गोष्ट वेगळी आहे. एका टप्प्यावरचे पंप पाणी वर नेऊन कुंडात किंवा कालव्यात सोडतात आणि पुढच्या टप्प्याचे पंप ते तिथून उचलतात. मध्ये पाणी उघड्यावर येते, त्यामुळे दाबाची साखळी तुटते. एका टप्प्याच्या पंपांचा दाब पुढच्या टप्प्याच्या पाइपांवर येत नाही.

कधी कधी एकसर जोडणीला पर्यायच नसतो. चढण ६० मीटरची असेल आणि पंपाचे बंद व्हॉल्वचे हेड ४८ मीटर असेल, तर एका पंपाने वर थेंबही जाणार नाही. दोन समांतर जोडले तरी नाही आणि दहा जोडले तरी नाही. सगळ्यांचे पाणी ४८ मीटरवर येऊन थांबेल. इथे हेडची बेरीज करणारी जोडणीच हवी.

समांतर जोडणीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो असमान पंपांमुळे. घरात जुना ५ एचपीचा पंप पडलेला असतो, तोच मोठ्याच्या जोडीला लावला जातो. त्याचे बंद व्हॉल्वचे हेड ३६ मीटर आहे असे समजा. मोठा पंप एकटा चालत असतानाच पाइपाच्या तोंडाशी ३८ मीटर हेड असते. छोट्या पंपाला तो दाब ओलांडताच येत नाही, म्हणून त्याच्या डिलिव्हरीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व उघडतच नाही. मोटर फिरत राहते, मीटर पळत राहतो आणि इम्पेलर आतले तेवढेच पाणी घुसळत राहते. थोड्या वेळाने केसिंगला हात लावला तर चटका बसतो. अशा पंपाची मोटर नेहमीपेक्षा कमी अँपिअर घेते, कारण ती पाणी हलवण्याचे कामच करत नसते. कमी अँपिअर पाहून मोटर हलकी चालते आहे असे समाधान मानले जाते. खरे तर ती धोक्याची खूण आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व नसेल तर याहून वाईट घडते. मोठ्या पंपाचे पाणी छोट्यातून उलटे वाहून पुन्हा नदीत जाते आणि छोट्याचे इम्पेलर उलटे फिरू पाहते. समांतर जोडायचे पंप एकाच आलेखाचे असावेत. निदान त्यांचे बंद व्हॉल्वचे हेड सारखे असावे आणि प्रत्येकावर स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व असावा.

एवढे असूनही पाणीपुरवठ्याच्या पंपगृहांत तीन-चार पंप समांतर बसवलेले दिसतात आणि ते योग्यच असते. तिथे पाइपलाइन सुरुवातीपासून सगळ्या पंपांच्या एकूण पाण्याचा विचार करून रुंद ठेवलेली असते. मागणी कमी असेल तेव्हा एक पंप आणि जास्त असेल तेव्हा दोन चालवता येतात. एक बिघडला तरी दुसरा राखीव असतो. उदाहरणातलीच पाइपलाइन ४ इंचीऐवजी ६ इंची असती तर हेच दिसले असते. व्यास दीडपट झाला की तेवढ्याच पाण्याचे घर्षण सुमारे सातव्या हिश्श्यावर येते. मग तेच दोन पंप समांतर जोडून सेकंदाला साधारण २३.७ लिटर पाणी देतात. पण ६ इंची पाइपावर एकटा पंपही १५ लिटर देतो, त्यामुळे इथेही दुसऱ्या पंपाने आलेली वाढ सुमारे ५८ टक्क्यांचीच आहे.

रुंद पाइपावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दोन पंप चालत असताना प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२ लिटर असतात. एक बंद पडला की उरलेला एकदम १५ लिटरवर उडी घेतो, कारण पाइप मोकळा होतो आणि दाब उतरतो. पाणी वाढले की मोटरचा भारही वाढतो. सक्शन उंच असेल तर इम्पेलरजवळ पाण्याचा दाब इतका पडतो की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपात खडे फिरत असल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलरवर खड्ड्यांची नक्षी पडते. एकाच पंपाने भागेल तेव्हा डिलिव्हरीचा व्हॉल्व थोडा आवळून चालवतात तो यासाठी. समांतर जोडणीसाठी पंप निवडताना तो जोडीने चालतानाच नव्हे, तर एकटा चालतानाही मोटरच्या आवाक्यात राहतो का, हे पाहावे लागते.

आपल्या पाइपलाइनवर दुसरा पंप उपयोगी पडेल का, हे नवा पंप विकत घेण्याआधी तपासता येते. शेतातल्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम धरून तो किती सेकंदांत भरतो हे पाहायचे आणि त्याच वेळी पंपाजवळ गेजवरचा दाब नोंदवायचा. ड्रम २० सेकंदांत भरला तर पाणी सेकंदाला १० लिटर. मग पंप बंद करायचा. पाइपात पाणी उभे असताना गेजवर जो दाब राहतो, तो पंपाच्या वरच्या चढणीचा. त्यासाठी गेज नॉन-रिटर्न व्हॉल्वच्या पुढे, पाइपलाइनच्या बाजूला असावे. चालू आणि बंद दाबांतला फरक म्हणजे पाइपातले घर्षण. उदाहरणातल्या पाइपावर तो १.८ किलो दिसेल. घर्षण चढणीइतके किंवा त्याच्या जवळपास असेल, तर पाइप आधीच भरला आहे. अशा पाइपावर समांतर पंप जोडला की ड्रम २० ऐवजी १७ सेकंदांत भरेल आणि गेज आणखी सुमारे ०.६ ते ०.७ किलो चढेल. दाब बराच चढला आणि ड्रम जेमतेम लवकर भरला, तर दुसऱ्या पंपाची जवळपास सगळी मेहनत घर्षणात जाते आहे, हे समजावे. याउलट घर्षण चढणीच्या मानाने किरकोळ असेल, तर समांतर पंपाला वाव आहे.

पाइप भरलेला असेल तर पैसा कुठे घालावा, याचे उत्तर उदाहरणातच आहे. आहे त्या एकाच पंपाला शेजारून दुसरी ४ इंची पाइपलाइन टाकली, तर पाणी दोन पाइपांत वाटले जाते, प्रत्येकातले घर्षण उतरते आणि एकच पंप सेकंदाला १३.९ लिटर देतो. दुसऱ्या पंपाने मिळाले असते ११.७. म्हणजे अशा ठिकाणी दुसरा पाइप दुसऱ्या पंपापेक्षा जास्त पाणी देतो, तेही एकाच मोटरच्या बिलात. फक्त मोटरवर भार वाढतो, म्हणून अँपिअर तपासून घ्यावे लागतात. खरेच दुप्पट पाणी हवे असेल, तर दुसऱ्या पंपाला स्वतःची वेगळी पाइपलाइन द्यावी लागते. तेव्हा मात्र १० आणि १० मिळून २० लिटर होतात.

नवा पाइप टाकणे परवडत नसेल आणि दोन भागीदारांना एकाच ४ इंची पाइपावर भागवायचे असेल, तर पाळी लावणे बरे. आठ तास वीज असताना दोन्ही पंप एकदम चालवले तर शेतात ३ लाख ३७ हजार लिटर पाणी पडते आणि शाफ्टवर सुमारे ८५ युनिट खर्च होतात. एका वेळी एकच पंप, चार तास एकाचा आणि चार तास दुसऱ्याचा, असे चालवले तर २ लाख ८८ हजार लिटर पाणी ५० युनिटमध्ये मिळते. वरच्या ४९ हजार लिटरसाठी ३५ युनिट जास्त जातात. तेवढ्या विजेत एकट्या पंपाने २ लाख लिटरहून जास्त पाणी काढले असते.